क्यूएलईडी अन् मिनी एलईडीचं स्टिकर पाहून टीव्ही घेताय? या चुका टाळा

सोयाबीनचे पैसे आले की गावातले लोक तालुक्याच्या दुकानात टीव्ही घ्यायला जातात अन् दरवर्षी त्याच चुका करतात. मी टीव्ही बसवून द्यायचं काम करतो, त्यामुळे घरी आल्यावर कोणाला काय दुखतं ते मला माहीत आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे क्यूएलईडी लिहिलं आहे म्हणजे पडद्यामागची लाइटही भारी असणार असं धरून चालणं. तसं नसतं. क्यूएलईडी हा साधा एलसीडी टीव्हीच आहे, फक्त आत क्वांटम डॉटची एक फिल्म टाकलेली असते. मागे निळे एलईडी असतात, त्या फिल्ममधले अतिशय बारीक कण निळ्या उजेडातला काही भाग शुद्ध लाल अन् हिरव्यात बदलतात, त्यामुळे रंग जास्त गडद अन् खरे दिसतात. हे कण खरंच मोठी गोष्ट आहे, 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल यांच्याच शोधासाठी मिळालं. पण काम रंगाचं, काळ्याचं नाही. काळा किती काळा दिसेल हे पॅनल अन् मागची लाइट ठरवते.

आमच्या गावातल्या एका काकांनी 55 इंची क्यूएलईडी घेतला. दुकानात फुलांचे, पोपटांचे व्हिडिओ लावलेले, रंग एकदम झकास. घरी रात्री लाइट बंद करून पिच्चर लावला अन् मला फोन, "बाबू, टीव्ही खराब निघाला रे, रात्रीचा सीन आला का सारं भुरकं भुरकं दिसते." कंपनीचा माणूस येऊन गेला, म्हणे पॅनल ठीक आहे. ते बरोबरच होतं, कारण टीव्ही बिघडलेलाच नव्हता. त्यात लाइट फक्त कडेला होती, लोकल डिमिंग नव्हतं, म्हणजे सीन अंधारा असला तरी मागचा उजेड सगळीकडे सारखाच, अन् तो काळ्यातून झिरपतो. ब्राइटनेस कमी करून, मोड सिनेमावर टाकून, टीव्हीमागे भिंतीवर एक मंद दिवा लावून दिला तेव्हा डोळ्याला बरं वाटलं. पण जे आतच नाही ते सेटिंगने कुठून येणार?

म्हणून कोणासोबत दुकानात जाताना मी पेनड्राइव्ह नेतो. त्यात एक फोटो, पूर्ण काळा अन् मधोमध छोटा पांढरा ठिपका. ठिपका पाहिजेच, कारण पूर्ण काळा फोटो आला की काही टीव्ही सगळी लाइटच बंद करतात अन् आपण फसतो. दुकानदाराला जवळच्या ट्यूब बंद करायला सांगायचं, मोड सिनेमावर घ्यायचा अन् पाहायचं. सगळा पडदा राखाडी दिसला तर डिमिंग नाही. ठिपक्याच्या रेषेत वरून खालपर्यंत उजेडाचा पट्टा आला तर लाइट कडेची आहे. ठिपक्याभोवतीच थोडा उजेड अन् बाकी काळं असेल तर मागे खरे झोन आहेत, म्हणजे वेगवेगळे मंद होणारे लाइटचे गट. हे डोळ्यानेच पाहा, मोबाईलचा कॅमेरा अंधारात सगळं उजळून दाखवतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण लोकांना टेम्पोत खोका चढवायची एवढी घाई असते की त्याचा राग येतो मला.

आता दुसरी चूक, मिनी एलईडी वाचलं की झालं असं समजणं. मिनी एलईडीत मागे बारीक बारीक एलईडी भरपूर असतात हे खरं, पण प्रत्येक एलईडी वेगळा बंद-चालू होत नाही, त्यांचे गट म्हणजे झोन असतात. विचारायचा आकडा तो. 55 इंची पडदा साधारण 122 बाय 68 सेंटीमीटर असतो. त्यात 60 झोन असतील तर एक झोन जवळपास 12 बाय 12 सेंटीमीटरचा झाला, म्हणजे काळ्या आभाळात चंद्र आला की त्याच्याभोवती ताटाएवढं धुकं दिसणार. 500 झोन असले तर तोच तुकडा 4 बाय 4 वर येतो अन् धुकं फारसं जाणवत नाही. झोनचा आकडा कुठेच लिहिलेला नसेल, दुकानदारही सांगत नसेल, तर मी त्या लेबलचे जास्तीचे पैसे देऊ देत नाही. झोन किती, हे मोजायचं नसलं तरी तोच ठिपका कोपऱ्याकडे सरकवलेले चारपाच फोटो लावा, धुकं केवढं आहे ते कळतं.

क्यूएलईडी अन् ओएलईडी एक नाही, ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो अन् विझतो, मागे लाइटच नसते.

खोक्यावर एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारं चित्र, असं लिहिलं म्हणजे टीव्ही तो सिग्नल घेतो एवढंच, ब्राइटनेस किती निट्स ते वेगळं विचारा.

घरी फक्त फ्री डिश अन् जुने चॅनल बघणार असाल तर क्वांटम डॉटसाठी जास्त पैसे घालू नका, तेवढे रंग त्या प्रसारणात येतच नाहीत. अन् दिवसा दार उघडं ठेवून उजेडात बघणार असाल तर झोनपेक्षा आधी ब्राइटनेस पाहा, काळ्याचा फरक अंधाऱ्या खोलीतच दिसतो.