एक्झॉस्टचा पाइप: शाफ्ट जवळ असली तरी आधी बाहेरची भिंत बघा

वडोदऱ्यात दांडिया बाजारकडच्या जुन्या इमारतींत बाथरूमचा एक्झॉस्ट सर्रास शाफ्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या मोकळ्या पोकळीत सोडतात. पण त्याच शाफ्टमध्ये इतरांचेही पंखे हवा फेकतात. आपला बंद असला की त्यांचा वास पाइपातून आपल्याकडे येतो. म्हणून शाफ्टला जोडताना उलट हवा अडवणारी झडप हवीच.

समजा, शाफ्टपर्यंत फॉल्स सीलिंगमधून तीन मीटर पाइप आणि दोन वळणं आहेत, तर बाहेरची भिंत फक्त एक मीटरवर आहे. मग भिंतच निवडा. साध्या पात्याच्या पंख्याला दाब फार कमी असतो. सरळ मीटर-दीड मीटरच्या पुढे तो नुसता आवाज करतो, आणि प्रत्येक काटकोनी वळण साधारण आणखी मीटरभर पाइपाइतकं अडवतं. लांब न्यायचंच असेल तर पाइपात बसणारा इनलाइन पंखा घ्या. फ्लेक्झिबल पाइप पूर्ण ताणून लावा आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे आत साचलेलं पाणी पंख्यावर येणार नाही.

झडपेची बिजागरी वरच्या बाजूलाच हवी. पंखा बंद करून जाळीपाशी उदबत्ती धरा. धूर खोलीत ढकलला गेला तर झडप अडकली आहे.