थ्रेडचे स्क्रीनशॉट, एक सलग लेख: आधीची तयारी

एक्ससारख्या ठिकाणच्या थ्रेडच्या स्क्रीनशॉटमधून एक सलग लेख करायचा असेल, तर सगळे स्क्रीनशॉट आधी एका फोल्डरमध्ये आणा. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आले असतील, तर पाठवणाऱ्याकडून पुन्हा डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो पाठवताना चित्र लहान होतं, आणि मराठीत पहिला मार अनुस्वार, रफार आणि वेलांटीला बसतो. शिवाय फाइलचं नावही बदलतं. `Screenshot_20240712-214305.png` या नावात स्क्रीनशॉट कधी घेतला ते असतं. `IMG-20240713-WA0007.jpg` मध्ये ते उरत नाही. पण मूळ नाव मिळालं तरी त्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका. ते घेण्याचा क्रम सांगतं, थ्रेडचा नाही. सुटलेली पोस्ट लोक परत वर जाऊन शेवटी टिपतात.

मग कोरा कागद घ्या. ही पायरी टाळली की पुढचं सगळं फसतं. समजा, 12 जुलै 1961 च्या पानशेत पुरावर एक्सवरचा 24 पोस्टचा थ्रेड 11 स्क्रीनशॉटमध्ये आहे. प्रत्येक पोस्टची एक ओळ करा: पोस्टचा क्रमांक, ती कोणत्या फाइलमध्ये आहे, तिचे पहिले तीन शब्द आणि शेवटचे तीन शब्द. लेखकाने ‘9/24’ असे आकडे घातले असतील तर काम सोपं. नसतील तर दोन स्क्रीनशॉटमध्ये सामाईक आलेली पोस्ट शोधा, तोच सांधा. पोस्टजवळचं ‘3h’ कामाचं नाही, कारण ते स्क्रीनशॉट घेतल्या क्षणापासून मागे मोजलेलं असतं. पोस्ट उघडून टिपली असेल तर खाली पूर्ण तारीख-वेळ दिसते, ती लिहून घ्या.

गहाळ पोस्ट ओळखणं हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. नववी पोस्ट ‘पाणी खाली आलं आणि’ अशी तुटली असेल आणि पुढे ‘खडकवासल्याची भिंतही गेली’ नसेल, तर तुटक वाक्य स्वतःच ओरडून सांगतं. धोका असतो तो पूर्णविरामाशी. तेरावी ‘लकडी पूल पाण्याखाली गेला.’ अशी संपते आणि पंधरावी ‘त्यामुळे’ने सुरू होते. चौदावी नसली तरी दोन्ही बेमालूम जुळतात, आणि लेखकाने चौदाव्यात दिलेलं खरं कारण जाऊन त्या जागी पूल येतो. म्हणून ‘त्यामुळे’, ‘तरीही’, ‘तो’, ‘तिथे’ यांनी सुरू होणारी प्रत्येक पोस्ट कागदावर अधोरेखित करा आणि तो शब्द नेमका कशाकडे बोट दाखवतो ते तपासा. पोस्ट सापडलीच नाही तर लेखात चौकटी कंसात ‘एक पोस्ट मिळाली नाही’ असं लिहा. जागा स्वतःच्या वाक्याने भरू नका.

वाचकाच्या प्रश्नाला लेखकाने मध्येच दिलेलं उत्तर ही थ्रेडची फांदी असते. ती वेगळ्या कागदावर काढा. लेखकाने नंतर केलेली दुरुस्तीही तशीच. सातव्या पोस्टमध्ये चुकून 11 जुलै पडलं आणि शेवटी ‘12 वाचावे’ असं सांगितलं असेल, तर सातव्यातच 12 करा आणि दुरुस्ती लेखकाची आहे हे तळटीपेत सांगा.

क्रम पक्का झाला की फाइलींना `01.png`, `02.png` अशी दोन अंकी नावं द्या. एक अंकी दिली तर बऱ्याच ठिकाणी 10 हा 2 च्या आधी लागतो. डार्क मोडमधली चित्रं आधी उलट रंगाची करून घ्या. चित्रातला मजकूर काढायला टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम वापरत असाल तर मराठी भाषेची फाइल बसवलेली हवी:

```
tesseract 03.png 03 -l mar+eng
```

निघालेला मजकूर कच्चा माल समजा. घ-ध, भ-म यांची अदलाबदल होते, देवनागरी आकडे फसतात, इमोजीच्या जागी कचरा येतो. ‘Show more’ किंवा लिंकच्या शेवटी ‘…’ दिसलं तर तिथला मजकूर चित्रात मुळातच नाही. तो मूळ पोस्टवरूनच आणावा लागेल.

लांबीचा अंदाजही आधीच बांधा. 280 अक्षरांच्या मर्यादेत काना-मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात, त्यामुळे मराठीत भरलेली पोस्ट साधारण चाळीस-पंचेचाळीस शब्दांची होते. 24 पोस्टचा मजकूर हजार शब्दांच्या आसपास यावा. तेराशे आले तर सामाईक पोस्ट दोनदा शिरल्या आहेत का ते बघा. सहाशेच आले तर कागदावरची ओळ आणि मजकूर एकेक करून जुळवा.

शेवटच्या तपासणीसाठी दुसरं माणूस आत्ताच ठरवून ठेवा. एकाने लेख मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने स्क्रीनशॉटवर बोट ठेवायचं, आणि प्रत्येक तारखेला व आकड्याला थांबायचं.