पपईच्या फुलाच्या छायाचित्रावरून झाड फळेल की नाही, हे कसे ओळखावे

पपईची झाडे तीन प्रकारची असतात: नर, मादी आणि उभयलिंगी. रोप लहान असताना पानांवरून, खोडावरून किंवा मुळांवरून हा प्रकार ओळखता येतो असे अनेकजण ठामपणे सांगतात, परंतु त्यात तथ्य नाही. लागवडीनंतर साधारण चार ते सहा महिन्यांनी पानांच्या बगलेत कळ्या दिसू लागल्या की मगच झाड आपली ओळख देते, आणि ती ओळख मोबाईलवर काढलेल्या छायाचित्रांवरूनही पटवता येते. मात्र छायाचित्रे योग्य जागेची असावी लागतात.

पहिली पायरी: बी कुठले, ते आठवावे

फुलाकडे पाहण्याआधी रोपाचे मूळ ठाऊक असेल तर निम्मा निर्णय तिथेच होतो. वॉशिंग्टनसारख्या किंवा परसातल्या देशी वाणांत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, आणि बियांपासून उगवलेल्या रोपांत दोन्ही जवळजवळ निम्मी-निम्मी निघतात. महाराष्ट्रात बागांमधून सर्वाधिक दिसणारी रेड लेडी, तसेच कूर्ग हनी ड्यू, या वाणांत मादी आणि उभयलिंगी झाडे असतात, नर झाडे सहसा नसतात. अशा वाणाच्या लांबट फळाचे, म्हणजे उभयलिंगी झाडावरच्या फळाचे, बी स्वपरागित असेल तर त्यातून दोन उभयलिंगी झाडांमागे एक मादी झाड असे प्रमाण येते. म्हणून बाजारातल्या लांबट पपईच्या बियांपासून झाड वाढवणाऱ्याने नर झाडाची भीती फारशी बाळगू नये. देशी गोल पपईचे बी लावणाऱ्याने मात्र ती बाळगावी आणि एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुले दिसल्यावर विरळणी करावी.

दुसरी पायरी: तीन छायाचित्रे काढावीत

बहुतेक लोक उमललेल्या फुलाचे समोरून एकच छायाचित्र काढतात. त्यात पांढरट पाच पाकळ्या दिसतात, त्या तिन्ही प्रकारांत असतात, आणि त्यावरून खात्रीने काही सांगता येत नाही. पहिले छायाचित्र फुलोऱ्याचे काढावे, ज्यात खोड, पानाचा देठ आणि फुलाचा देठ हे तिन्ही एकाच चौकटीत येतील. दुसरे छायाचित्र मोठ्या, न उमललेल्या कळीचे बाजूने काढावे आणि आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी बोट धरावे. तिसरे छायाचित्र उभ्या चिरलेल्या फुलाचे असावे. त्यासाठी एखादे फूल खुडून ब्लेडने देठाकडून वर उभे चिरावे. खुडताना निघणारा पांढरा चीक डोळ्यांना लागू देऊ नये. एका फुलाचा बळी गेल्याने झाडाचे काही बिघडत नाही.

अगदी पहिल्या एक-दोन फुलांवरून निकाल देऊ नये. ती पुष्कळदा खुरटी असतात आणि गळून जातात. त्यामागून येणारी फुले अधिक विश्वासाची.

तिसरी पायरी: देठ, कळी आणि आतला भाग या क्रमाने वाचावे

नर झाड ओळखायला पहिले छायाचित्र पुरते. बगलेतून लांब, बारीक, लोंबणारा आणि फांद्या फुटलेला देठ निघतो, त्याची लांबी हातभरही होते, आणि त्यावर सडपातळ नळीसारख्या लहान फुलांचे घोस असतात. चिरल्यावर आत दहा पुंकेसर आणि मधोमध एक वांझ, सुईसारखा अवशेष दिसतो.

मादी आणि उभयलिंगी झाडांची फुले आखूड देठावर, खोडाला लगटून, एकटी किंवा दोन-चारच्या गटात येतात, त्यामुळे फरक कळीत शोधावा लागतो. मादी कळी बुडाशी फुगीर आणि टोकाकडे निमुळती असते, कारण आत गोलसर बीजांडकोश बसलेला असतो. तिच्या पाकळ्या जवळजवळ बुडापर्यंत सुट्या असतात, माथ्यावर झालरीसारखी पाच फाट्यांची कुक्षी असते आणि पुंकेसर एकही नसतो. उभयलिंगी कळी लांबट, दंडगोल असते. तिच्या पाकळ्या खालच्या भागात जुळून नळी झालेली असते, आणि चिरल्यावर लांबुळका बीजांडकोश व त्याच्याभोवती पिवळे पुंकेसर एकत्र दिसतात. तिचे फळ लांबट, जाड गराचे होते, म्हणून बाजारात त्याला पसंती मिळते. मादी झाडाचे फळ गोलसर असते आणि त्यातली पोकळी मोठी असते. घरी खाण्यासाठी त्यात काहीही उणे नाही.

चौथी पायरी: ऋतू लक्षात घेऊन निकाल द्यावा

मादी झाड हवामानाला फारसे बधत नाही. उभयलिंगी झाड मात्र बदलते, आणि छायाचित्रावरून होणाऱ्या बहुतेक चुका इथे होतात. कडक उन्हाळ्यात, विशेषतः पाण्याचाही ताण असेल तर, त्याच्या फुलांतला बीजांडकोश वाढतच नाही आणि फूल नरासारखे वागून गळते. उलट थंडीत पुंकेसर बीजांडकोशाला चिकटून वाढतात आणि वेडीवाकडी, खाचांची फळे धरतात. फुलाची घडण उमलण्याच्या काही आठवडे आधीच ठरत असल्यामुळे हवा पालटल्यावर लगेच सुधारणा दिसत नाही.

समजा, मे महिन्यात परसातल्या तीन झाडांची छायाचित्रे समोर आहेत. दोन देशी बियांची आणि एक रोपवाटिकेतून आणलेल्या रेड लेडीचे. पहिल्याच्या फुलोऱ्याचा देठ हातभर लोंबतो आहे आणि त्यावर घोस आहेत: नर. दुसऱ्याची कळी बुडाशी फुगीर असून आत पुंकेसर नाहीत: मादी. तिसऱ्याचे फूल चिरल्यावर दहा पुंकेसर दिसतात आणि मधला बीजांडकोश काडीसारखा बारीक आहे. केवळ हे एकच छायाचित्र पाहिले तर तिसरे झाडही नर ठरवून तोडले जाईल. परंतु त्याच्या पहिल्या छायाचित्रात देठ आखूड आहे आणि फुले खोडालगत आहेत, म्हणजे झाड उभयलिंगी असून उन्हाने तात्पुरते वांझ झाले आहे. त्याला नियमित पाणी द्यावे, बुडाशी आच्छादन करावे आणि पावसाळा स्थिरावल्यावर पुन्हा फूल चिरून पाहावे.

पहिले झाड तोडण्याचीही घाई करू नये. मादी फुलाला पराग बाहेरूनच मिळावा लागतो; तो न मिळाल्यास फूल गळते किंवा क्वचित लहान, बिनबियांचे फळ धरते. बागेत साधारण दहा मादी झाडांमागे एक नर राखतात, त्याचे कारण हेच. परसात जागेची अडचण असेल आणि तिसऱ्या झाडाची फुले सुधारली असतील, तर तेही पराग पुरवू शकते, आणि मग नर झाड काढता येते. खिळा ठोकून किंवा शेंडा खुडून नराची मादी होते, या समजुतीवर मात्र विसंबू नये. झाडाचे लिंग जनुकांनी ठरते. थंडीनंतर एखाद्या नर झाडाच्या लांब देठाला फळे लटकलेली दिसतात, पण तो हवामानाचा परिणाम असतो आणि दरवर्षी तसे होईलच असे नाही.

जवळपास पराग देणारे दुसरे झाडच नसेल, तर सकाळी ताजे उमललेले नर किंवा उभयलिंगी फूल आणून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच घासावेत. काही दिवसांत पाकळ्या गळून बुडाचा हिरवा गोळा देठावर टिकून वाढू लागला, तर फळ धरले असे समजावे. ते पिकायला त्यापुढे साधारण पाच-सहा महिने लागतात.