परदेशी पत्रमैत्रिणीला पहिलं पत्र लिहिताना या चुका टाळा

उत्तर आलं नाही की सगळ्या जणी आधी पोस्टाला बोल लावतात. पण बरेचदा पत्र पोचलेलं असतं, वाचूनही झालेलं असतं. उत्तरात लिहायचं काय, तेच समोरचीला सुचत नसतं.

चौदा वर्षांच्या एका मुलीने मला दाखवलेला कच्चा मसुदा बघा: “मी नववीत शिकते. मला वाचन, संगीत आणि प्रवासाची आवड आहे. आमच्या घरी चार माणसं आहेत. तुझा आवडता रंग कोणता? आवडता विषय? आवडता प्राणी?” यात चुकीचं काहीच नाही, पण हा नोकरीचा अर्ज वाटतो. वाचन आणि संगीत तर अर्ध्या जगाला आवडतं. शिवाय तीन प्रश्नांची उत्तरं तीन शब्दांत संपतात, मग पुढे काय?

आम्ही छंदांची यादी खोडली आणि एकच गोष्ट ठेवली: “मी चित्रं काढते, पण हात काही केल्या जमत नाहीत. म्हणून माझी सगळी माणसं खिशात हात घालून उभी असतात. तुला खूप आवडतं आणि तरीही जमत नाही, असं काही आहे का?” आता समोरचीला हसू येईल आणि सांगायला स्वतःचा किस्साही सापडेल. असे दोन प्रश्न पुरेत. ते मजकुरात जिथे सुचतील तिथेच विचारावेत, शेवटी एकगठ्ठा नकोत.

दुसरी चूक लिहिणारीला दिसतच नाही. “नववी” म्हणजे नेमकं वय किती, हे देशागणिक बदलतं, म्हणून वय लिहा. 5/6 ही तारीख कुणी 5 जून वाचेल, कुणी 6 मे. महिन्याचं नाव अक्षरात लिहा. दक्षिण गोलार्धात डिसेंबरात उन्हाळा असतो, तेव्हा “थंडीत काळजी घे” लिहिण्याआधी नकाशा बघा. आणि आपलं नाव कसं उच्चारायचं, ते तिच्या ओळखीच्या एखाद्या शब्दाशी जुळवून सांगा.

पत्त्यात देशाचं नाव शेवटच्या ओळीत, स्वतंत्र आणि मोठ्या रोमन अक्षरांत हवं. आपला पत्ता पाकिटावर लिहाच, पण आतल्या कागदावरही लिहा, कारण पाकीट फाडून टाकलं जातं. कोणता पत्ता द्यायचा, ते आधी घरच्यांना विचारा. शाळेचं नाव आणि येण्या-जाण्याच्या वेळा पहिल्या पत्रात नकोत, मग मैत्रीण कितीही गोड वाटो.

पाकीट बंद करण्याआधी पत्राचा फोटो काढून ठेवा. उत्तर यायला कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर आपण काय विचारलं होतं ते विसरायला होतं, आणि “हो, मलाही तसंच होतं!” हे वाक्य नेमकं कशाबद्दल आहे, ते काही केल्या आठवत नाही.