खाऊच्या बॉक्सचं ‘थांबवा’ आणि ‘बंद करा’ पान लिहिताना या चुका टाळा

दर महिन्याला घरपोच येणारा खाऊचा बॉक्स कोणी बंद करायला येतं, तेव्हा त्या माणसाला खाऊ आवडत नाही असं क्वचितच असतं. मागच्या महिन्याचं भडंग अर्धं उरलेलं असतं, चकलीच्या फोडलेल्या पाकिटाला खवट वास यायला लागलेला असतो, मुलं मामाकडे गेलेली असतात किंवा घरात कोणाची साखर वाढलेली असते. त्याला ‘नको’ म्हणायचं नसतं, ‘सध्या नको’ म्हणायचं असतं. पण पानावर ‘सध्या नको’साठी जागा नसेल किंवा असून तिच्यावर विश्वास बसत नसेल, तर तो सरळ ‘नको’ म्हणून मोकळा होतो.

घरगुती खाद्यपदार्थांच्या छोट्या व्यवसायांसाठी मी असा मजकूर लिहिते. तिथे पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका इथे मांडते आहे.

‘रद्द करा’ म्हणजे नेमकं काय रद्द?

सगळ्यात लहान आणि सगळ्यात घातक चूक बटणावर असते. चौकट उघडते, वर प्रश्न असतो: ‘सबस्क्रिप्शन रद्द करायचं?’ खाली दोन बटणं: ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. आता सांगा, बॉक्स बंद करायचा असेल तर कोणतं दाबायचं? ‘रद्द करा’ने सबस्क्रिप्शन रद्द होईल की ही चौकट? अ‍ॅपमध्ये इतर सगळीकडे ‘रद्द करा’ म्हणजे ‘मागे जा’ अशी सवय लागलेली असते, त्यामुळे निम्मी माणसं चौकट बंद करून समाधानाने निघून जातात. एक तारखेला पैसे कापले गेले की फोन येतो, ‘अहो, मी तर बंद केलं होतं!’ आणि ते खरंच बोलत असतात.

उपाय सोपा आहे. या पानावर ‘रद्द’ हा शब्दच वापरू नका. बटणावर पूर्ण क्रिया लिहा: ‘बॉक्स कायमचा बंद करा’ आणि ‘बॉक्स चालू ठेवा’. वरचा प्रश्न न वाचता नुसती बटणं वाचली तरी अर्थ कळला पाहिजे. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला फक्त बटणं दाखवून विचारा, कशाने काय होईल. त्यांना थांबून विचार करावा लागला, तर शब्द बदला.

तारखेशिवाय थांबवणं

या चुकीवर जरा जास्त वेळ देते, कारण गिऱ्हाईक सगळ्यात जास्त इथेच दुखावतं. पानावर लिहिलेलं असतं, ‘१ महिना थांबवा’. वाचायला स्वच्छ वाटतं, पण महिना कुठून मोजायचा?

समजा, बॉक्स ५९९ रुपयांचा आहे. एक तारखेला पैसे कापले जातात, चार तारखेला पॅकिंग होतं, पाचला कुरिअर निघतं. ठाण्यातल्या एक ताई सुट्टीत गावी निघाल्या आहेत. २ मेला त्या ‘१ महिना थांबवा’ दाबतात. त्यांच्या मनात मेचा बॉक्स येणार नाही आणि जूनचा येईल. तुमच्या सिस्टिमच्या हिशेबाने मात्र मेचे पैसे आलेले आहेत, म्हणून मेचा बॉक्स जाणार आणि जूनचा थांबणार. सात तारखेला बॉक्स बंद घरापाशी पोचतो आणि वॉचमनच्या केबिनमध्ये उन्हाच्या तडाख्यात तीन आठवडे पडून राहतो. ताई परततात तेव्हा चिक्कीचा गूळ पाघळून कागदाला चिकटलेला असतो आणि तुपाच्या लाडवांना वास येत असतो. जूनमध्ये त्या वाट पाहतात, तर काहीच येत नाही. १ जुलैला न सांगता पुन्हा ५९९ कापले जातात. इथे ना ताईंची चूक आहे ना सॉफ्टवेअरची. एका वाक्याचे दोन सरळ अर्थ निघत होते आणि लिहिणाऱ्याने तो निवाडा गिऱ्हाइकावर सोडला.

‘थांबवा’ दाबल्यावर त्यांना हे दिसायला हवं होतं:

‘मेच्या बॉक्सचे ₹५९९ १ मेला जमा झाले आहेत. हा बॉक्स अजून पॅक झालेला नाही. काय करू या?
• मेचा बॉक्स पाठवू नका, पैसे परत करा
• मेचा बॉक्स पाठवा, जूनचा थांबवा’

पहिला पर्याय निवडल्यावर: ‘मेचा बॉक्स येणार नाही. ₹५९९ ७ कामकाजाच्या दिवसांत परत येतील. पुढचे पैसे १ जूनला कापले जातील. २९ मेला आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण करू, त्याच निरोपातून आणखी एक महिना थांबवता येईल.’

महिना, दिवस, कालावधी या शब्दांऐवजी प्रत्येक ठिकाणी तारीख आणि बॉक्सचं नाव आलं. मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगा: ‘४ मे दुपारी १२ नंतर मेचा बॉक्स थांबवता येणार नाही, कारण तोवर माल तळून पॅक झालेला असतो.’ कारण दिलं की लोक समजून घेतात. खाण्याची वस्तू परत फडताळात ठेवता येत नाही, हे सगळ्यांना कळतं.

आठवणीचा निरोप विसरू नका. गिऱ्हाइकाला कळायच्या आत थांबवणं संपून पैसे कापले गेले, तर त्याच्या लेखी ती फसवणूकच ठरते. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून सूचना जाते, हे खरं आहे. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. पण त्या सूचनेत तुमच्या ब्रँडऐवजी नोंदणीकृत फर्मचं नाव असू शकतं. ‘आजीचा डबा’ अशा नावाने ओळखणाऱ्या माणसाला भलत्याच ‘एंटरप्रायझेस’चं नाव दिसलं, की तो घाबरून दर महिन्याला पैसे कापायची परवानगीच काढून घेतो. म्हणून तुमच्या निरोपात तेही लिहा: ‘बँकेच्या मेसेजमध्ये आमचं नाव असं दिसेल’ आणि पुढे ते नाव जसंच्या तसं.

दुखणं एक, औषध दुसरं

बंद करायला आलेल्या प्रत्येकाला ‘थांबा! २० टक्के सूट घ्या’ म्हणणं ही आळशी चूक आहे. ज्याच्या फडताळात तीन पाकिटं पडून आहेत, त्याला स्वस्तात चौथं देऊन काय होणार? शिवाय, बंद करायला गेलं की सूट मिळते हे कळल्यावर लोक दर तीन महिन्यांनी मुद्दाम त्या पानावर येतात.

कारण विचारा, पण एकच प्रश्न आणि तोही ऐच्छिक. उत्तरानुसार एकच पर्याय समोर ठेवा. खाऊ साठला असेल तर ‘दर दोन महिन्यांनी पाठवा’ किंवा ‘छोटा बॉक्स’. गावाला जात असतील तर तारीख निवडून थांबवणं. गोड चालत नसेल तर लाडू-चिक्कीच्या जागी भाजके चणे, खारे दाणे किंवा भडंग. दिवाळीत घरीच फराळ होतो, म्हणून त्या महिन्यापुरता बॉक्स नको, हेही अगदी खरं कारण आहे. त्यासाठी ‘फक्त दिवाळीचा बॉक्स वगळा’ असं वेगळं बटण ठेवायला काहीच हरकत नाही.

ज्याला चव आवडली नाही, त्याला काहीच सुचवू नका. त्याला जाऊ द्या. आणि सुचवलेला पर्याय कोणताही असो, ‘बॉक्स कायमचा बंद करा’ हे बटण त्याच पडद्यावर, तेवढ्याच आकारात दिसत राहिलं पाहिजे. पुसट करड्या अक्षरांत तळाशी ढकललेलं नको.

दार आतून लावून घेणं

‘बंद करण्यासाठी सोमवार ते शुक्रवार, ११ ते ५ या वेळेत फोन करा.’ चालू करायला एक मिनिट आणि बंद करायला फोन, ही गोष्ट कायद्याच्याही नजरेत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातल्या १३ प्रकारांत सबस्क्रिप्शनचा सापळा आहे: बंद करणं अशक्य किंवा किचकट करणं, तो पर्याय लपवणं, सूचना गोंधळाच्या ठेवणं. ‘नको’ म्हणणाऱ्याला ओशाळं करणारा मजकूरही त्याच यादीत आहे. म्हणजे ‘नाही, मला बचत गटाच्या ताईंची पर्वा नाही’ अशी बटणं निघालीच पाहिजेत. कष्ट करणाऱ्या बायकांचं नाव असं वापरणं मला तर त्यांचाही अपमान वाटतो.

व्यवहाराच्या बाजूनेही हा सापळा टिकत नाही. गिऱ्हाइकाच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी असते आणि तिथून तो तुम्हाला न विचारता परवानगी काढून घेऊ शकतो. तसं झालं की कारण कळत नाही आणि निरोप घेता येत नाही. तो पुन्हा आलाच तर परवानगी नव्याने घ्यावी लागते, पिन टाकण्यापासून सगळं. तुमच्या पानावरून थांबवलेल्या माणसाची परवानगी शाबूत राहते, म्हणून त्याला परत यायला एकच बटण पुरतं. ‘थांबवा’ सोपं ठेवण्यात तुमचा फायदा आहे तो हाच.

उलट बाजूची चूकही तितकीच त्रासाची. गिऱ्हाइकाने तुमच्या पानावर बॉक्स बंद केला, पण पेमेंट गेटवेकडचं ऑटोपे तुम्ही बंद केलंच नाही. महिन्याभराने त्याला आपल्या अ‍ॅपमध्ये तुमचं नाव ‘चालू’ दिसतं. पान लिहिण्याआधी प्रोग्रॅमरला विचारा, बंद होतं ते ताबडतोब की चालू महिन्याच्या शेवटी? उदाहरणार्थ, रेझरपेमध्ये हे `cancel_at_cycle_end` या पर्यायाने ठरतं. तिथे जे असेल तेच मजकुरात आलं पाहिजे.

पान बिघडलंय हे कसं ओळखायचं?

दोन आकडे शेजारी ठेवा: महिन्यात किती जणांनी तुमच्या पानावरून बॉक्स बंद केला आणि किती जणांनी थेट बँकेतून किंवा यूपीआय अ‍ॅपमधून परवानगी काढली. दुसरा आकडा गेटवेच्या नोंदींत सापडतो. तो पहिल्यापेक्षा मोठा असेल, तर लोकांना तुमचं पान सापडत नाही किंवा सापडूनही भरवसा वाटत नाही. मग व्हॉट्सअ‍ॅप उघडून ‘पैसे का कापले’ असे निरोप शोधा आणि ते कोणत्या तारखांना आले ते पाहा. एक-दोन तारखेला गर्दी असेल तर आठवणीचा निरोप जात नाही किंवा वाचला जात नाही. सहा-सात तारखेला असेल तर ‘थांबवा’वाला मजकूर चुकतो आहे, कारण नको असलेला बॉक्स तेव्हाच दारात येतो. थांबवलेल्यांपैकी किती जण पुढचा बॉक्स घेऊन टिकले, हेही बघा. पहिले पैसे कापले गेल्याबरोबर बरेच जण बंद करत असतील, तर ते परत आलेले नव्हते, विसरलेले होते.

बंद झाल्यावरचा निरोप चार ओळींचा पुरे: ‘तुमचा बॉक्स बंद झाला. यापुढे पैसे कापले जाणार नाहीत, ऑटोपेही आम्ही बंद केलं आहे. ५ मेला निघालेला बॉक्स तेवढा पोचेल, त्याचे पैसे आधीच भरलेले आहेत. तिखट कमी आणि लाडू नकोत ही तुमची आवड आम्ही वर्षभर जपून ठेवू. पुसायची असेल तर इथे सांगा.’