एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे विक्रीच्या दिवशीच उत्पन्नात धरू नका

सीताबर्डीतल्या एका दुकानदाराने एप्रिल 2025 च्या सुरुवातीला एसी विकला आणि कंपनीच्या एका वर्षाच्या वॉरंटीनंतरची दोन वर्षांची जादा वॉरंटी जीएसटी सोडून 3,600 रुपयांना दिली, असं समजा. दुरुस्तीची जबाबदारी दुकानाची आहे. (ती दुसऱ्या कंपनीची असेल, तर दुकानाचं उत्पन्न म्हणजे फक्त कमिशन.)

हे 3,600 रुपये आधी ताळेबंदात देणं म्हणून दाखवावेत. पहिलं वर्ष कंपनी सांभाळते, म्हणून त्या वर्षी उत्पन्न शून्य. एप्रिल 2026 पासून 24 महिने, दरमहा 150 रुपये उत्पन्नात येतील. दुरुस्तीचा खर्च मात्र ज्या महिन्यात झाला, त्याच महिन्यात लिहायचा.

नागपुरात इथेच गोची होते. एसीच्या तक्रारी उन्हाळ्यात एकदम वाढतात, त्यामुळे मे महिन्यात तोटा आणि डिसेंबरात फुकटचा नफा दिसतो. जुन्या जॉबकार्डांवरून दोन तृतीयांश काम मार्च ते जूनमध्ये येतं असं दिसलं, तर वर्षाच्या 1,800 पैकी 1,200 त्या चार महिन्यांत, म्हणजे दरमहा 300, आणि उरलेल्या आठ महिन्यांत दरमहा 75 धरणं मला जास्त खरं वाटतं. नोंदीच नसतील तर समान वाटणीच ठेवा. अंदाजाने महिने फुगवू नका.

दर तिमाहीला एवढं तपासा: उरलेल्या मुदतीचा अपेक्षित खर्च शिल्लक देण्यापेक्षा जास्त निघाला, तर तो फरक लगेच तोटा म्हणून दाखवावा लागतो.