फायबरचा कनेक्टर उघडायच्या आधी काय तयारी ठेवायची

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्याकडे फायबरच्या तक्रारी वाढतात. नेट चालते पण रखडते, व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं तोंड उघडंच राहते, टीव्हीचं चित्र तुटते, आणि फायबरच्या मोडेमच्या डब्यावरचा PON चा हिरवा दिवा मध्येच लुकलुकायला लागते. लोकं लगेच डबा बंद-चालू करतात नाहीतर मागची वायर उपसून परत खोचतात. असं करू नका. वायर उपसायच्या आधीच बरंच काम होऊन जाते, आणि उपसायचीच असेल तर हाताशी काय पाहिजे ते आधी जमवून ठेवा, कारण एकदा कनेक्टर उघडा पडला की धूळ तुमच्यासाठी थांबत नाही.

सगळ्यात आधी एक कागद आणि पेन. डब्याच्या वायफायला मोबाईल जोडा, ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाका (बऱ्याच डब्यांना 192.168.1.1 असते, नसेल तर डब्याखालच्या स्टिकरवर पाहा, लॉगिन पण तिथंच लिहिलेलं राहते), आणि PON किंवा Optical नावाच्या पानावर Rx Power, म्हणजे डब्यात किती प्रकाश येऊन राहिला तो आकडा, शोधा. तो आकडा उणे मध्ये असते. उणे 15 ते उणे 24-25 मध्ये असेल तर प्रकाश नीट येऊन राहिला. उणे 27 च्या खाली गेला की साध्या डब्याला प्रकाश पुरत नाही, काठावरचं काम होते. एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, या आकड्यात 3 चा, म्हणजे 3 डीबीचा फरक पडला की प्रकाश अर्धा. म्हणून उणे 22 आणि उणे 28 दिसायला जवळजवळ वाटतात पण दुसऱ्यात पहिल्याच्या चौथाई प्रकाश आहे. हा आकडा वेळेसकट लिहून ठेवा, आणि शेजारी त्याच लाईनवर कोणी असेल तर त्याचाही विचारून घ्या, तुलना करायला तो फार कामाचा.

आता नेट स्लो का होते, बंदच का नाही पडत, हे लोकं नेहमी विचारतात. प्रकाश कमी झाला म्हणून वेग हळूहळू उतरत नाही, डबा डेटा चुकीचा वाचायला लागते. थोड्या चुका तो स्वतः दुरुस्त करते, चुका वाढल्या की पॅकेट गळतात, मग मोबाईल-कॉम्प्युटर तेच परत परत मागवतात आणि दरवेळी वेग कमी करून घेतात. अजून बिघडलं तर डबा कंपनीच्या मशीनपासून सुटते आणि परत जोडून घेते, तेव्हाच तो हिरवा दिवा लुकलुकते आणि सगळं काही वेळ थांबते.

आकडा लिहिला की वायर न काढता वायरीचा रस्ता पाहा, भिंतीच्या भोकापासून डब्यापर्यंत. मोबाईलचा टॉर्च घ्या, अलमारीमागे, खिडकीच्या चौकटीत, कवेलूखालच्या बल्लीवर, खिळ्यावर, सगळीकडे. काच आत केसाएवढी आहे, 125 मायक्रॉन, आणि प्रकाश धावतो तो मधला भाग फक्त 9 मायक्रॉनचा. वायर करकचून वळली की प्रकाश त्या वळणावर बाहेर पडून जाते, वायर तुटलेली दिसत नाही तरी. जुन्या फायबरला किमान 3 सेंटीमीटर त्रिज्येचं वळण पाहिजे, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढा गोल, घरात टाकतात त्या नव्या फायबरला 1 सेंटीमीटर चालते, पण तुमची कोणती आहे ते बाहेरून कळत नाही, तर कपाचाच हिशोब धरा. झिपटाय घट्ट ओढलेला असेल तर कापा. कनेक्टरच्या रबरी शेपटीजवळ वळण असेल तर ते आधी मोकळं करा, डबा भिंतीला चिकटवून ठेवला की तिथंच वायर दुमडते. एक जागा मोकळी केली की पान रिफ्रेश करून आकडा पाहा, मगच दुसरी. सगळं एकदम केलं तर दोष कुठं होता ते कळतच नाही.

एका सेतू केंद्रातली गोष्ट सांगतो. दुपारी सातबारा काढायला रांग आणि पोर्टल अडकून बसलेलं. Rx Power उणे 28.6, त्याच खांबावरच्या किराणा दुकानात उणे 21.5. वायर लोखंडी रॅकच्या पायाखाली दबली होती, रॅक उचलून वायर मोकळी केली तर आकडा उणे 25.3 वर आला. म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकाश त्या एका पायाखाली जात होता. दिवा स्थिर झाला, पण दुकानापेक्षा अजून जवळपास 4 डीबी कमी होतं, आणि वळण आता कुठंच उरलं नव्हतं. तेव्हाच कनेक्टर उघडायला निघालो.

उघडायच्या आधी हे सामान टेबलावर पाहिजे: क्लिक करून पुसायचा फायबर क्लीनर पेन, SC कनेक्टरला चालणारा, ऑनलाईन मिळते. तो नसेल तर 99 टक्केवालं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे वाईप्स. कापूस नको, आपल्या घरात कापूस ढिगानं असला तरी त्याचा रुवा त्या टोकाला चिकटते. शर्टाचं टोक नको, फुंकर तर अजिबात नको, थुंकीचा ओलावा बसते. पंखा बंद करा, अंगणात मळणी चालू असेल तर दार लावा, कुटाराची बारीक धूळ आतपर्यंत येते. हात धुऊन कोरडे करा, आणि पांढऱ्या टोकाला बोट लावू नका, बोटाचं तेल पण प्रकाश अडवते.

डबा बंद करा, पण ध्यानात ठेवा की वायरीतला प्रकाश तिकडून येते, डबा बंद केला म्हणून तो थांबत नाही आणि डोळ्याला दिसतही नाही. टोकात डोळा घालून पाहू नका, पोरांना जवळ येऊ देऊ नका. कनेक्टरचा मागचा रंगीत भाग धरून सरळ ओढा, वायर धरून नाही. पेन टोकाला सरळ लावून क्लिक होईपर्यंत दाबा. वाईपनं पुसत असाल तर थोडं ओलं करून एकाच दिशेनं एकदा, मग लगेच कोरड्या जागेवर एकदा, कारण अल्कोहोल तसंच वाळलं तर त्याचा थर राहते. एकदा वापरलेली जागा परत नाही. डब्याच्या भोकातही धूळ असते, पेन आत घालून तिथंही एक क्लिक द्या. काडी, सुई काही घालू नका. लगेच परत लावा, टक आवाज आला पाहिजे.

आणि रंग पाहून घ्या, हिरवा कनेक्टर हिरव्यातच, निळा निळ्यातच. हिरव्याचं टोक 8 अंश तिरपं घासलेलं राहते, निळ्यात खोचलं तर मध्ये फट पडते आणि प्रकाश जाते, वरून टोक खराब होऊ शकते ते वेगळं.

सेतूत साफ केल्यावर आकडा उणे 21.9 आला, दुकानाच्या जवळपास. अजूनही कमीच असता तर परत परत पुसायचं नव्हतं, कारण मग दोष आपल्या टोकाला नाही. जागेवर हातानं बसवलेला कनेक्टर आतून सैल होतो, तो पुसून सुधारत नाही, कापून नवा बसवावा लागते, ते लाईनमनचं काम. LOS चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच येत नाही, खांबावर नाहीतर शेतातून गेलेली वायर तुटली असेल. आणि आकडा आधीपासूनच उणे 20 च्या आसपास स्थिर असेल तर कनेक्टरला हातच लावू नका, लॅनची वायर लावून वेग पाहा, वायफायचा नाहीतर कंपनीच्या मागच्या लाईनचा दोष निघेल.

लाईनमनला फोन लावताना भाऊ नेट स्लो आहे एवढंच सांगू नका. आधीचा आकडा, वळण काढल्यावरचा, पुसल्यावरचा, शेजाऱ्याचा, आणि दिवा कधी लुकलुकते ते सांगा, म्हणजे तो येताना मीटर आणि नवा कनेक्टर घेऊनच येते.